दिवसाचं भाडं की किलोमीटरचा दर? सेल्फ-ड्राइव्ह गाडीचा पूर्ण हिशेब

प्रश्न: तीन दिवसांसाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्यायची आहे, जाऊन-येऊन ६२० किमी होतील. एकाकडे दिवसाला २,४०० भाडं, रोज ३०० किमी मोफत, पुढे किलोमीटरला १२, पेट्रोल आपलं, डिपॉझिट १०,०००. दुसऱ्याकडे किलोमीटरला १६, पेट्रोल त्यांचं, रोज किमान २०० किमीचे पैसे, डिपॉझिट फक्त ३,०००. कोणतं घ्यावं, आणि डॅमेजच्या अटींमध्ये नेमकं काय बघायचं?

उत्तर: अंतर खरोखर ६२० किमीच राहणार असेल तर किलोमीटरचा प्लॅन साधारण १,६०० ने स्वस्त पडेल. पण हा फरक तुम्हाला वाटतोय तितका पक्का नाही. अंतर थोडं वाढलं की तो जवळपास संपतो, आणि मग निकाल पेट्रोलच्या आणि डॅमेजच्या अटींवर लागतो. म्हणून आधी हिशेब मांडू आणि मग अटींकडे जाऊ.

दोन प्लॅनची तुलना करताना बहुतेक जण २,४०० आणि १६ हे दोनच आकडे समोर ठेवतात. त्यांची थेट तुलना होऊच शकत नाही, कारण एकात पेट्रोल धरलेलं नाही आणि दुसऱ्यात आहे. आधी पेट्रोलचा खर्च किलोमीटरवर आणा. गाडी लिटरला १५ किमी देते आणि लिटरचा भाव १०५ आहे असं धरलं, तर किलोमीटरला ७ पडतात. भाव तुमच्याकडचा घाला. ॲव्हरेज मात्र कंपनीच्या जाहिरातीतलं घेऊ नका, एसी लावून आणि सामानासह प्रत्यक्षात मिळेल ते घ्या.

आता पहिल्या प्लॅनचा एकूण खर्च ७,२०० अधिक प्रत्येक किलोमीटरला ७ असा होतो. ६२० किमीला तो ११,५४० येतो. दुसऱ्या प्लॅनचा ६२० × १६, म्हणजे ९,९२०. फरक १,६२०.

दोन्ही खर्च कुठे सारखे होतात ते बघा. किलोमीटरच्या दरात दर किलोमीटरला ९ जास्त जातात (१६ वजा ७), आणि रोजच्या भाड्याचे ७,२०० भरून काढायचे आहेत. ७,२०० भागिले ९ म्हणजे ८०० किमी. नेहमीचा सल्ला इथेच थांबतो: आठशेच्या आत किलोमीटरचा प्लॅन, आठशेच्या पुढे दिवसाचा. पण तुमच्या दोन्ही प्लॅनमध्ये एकेक अट अशी आहे की हे चित्र दोन्ही टोकांना उलटं होतं.

पहिली अट रोज किमान २०० किमीची. तीन दिवसांचे किमान ६०० किमी, म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी ९,६०० द्यायचेच. समजा तुम्ही ३०० किमीच फिरलात. दिवसाच्या भाड्याचा खर्च ७,२०० अधिक २,१०० असा ९,३०० होतो आणि तो प्लॅन स्वस्त ठरतो. ही हद्द साधारण ३४३ किमीला येते. त्याच्या आत दिवसाचं भाडं परवडतं. कमी फिरणाऱ्याला किलोमीटरचा प्लॅन बरा, हे तेवढ्यापुरतं खोटं ठरतं.

दुसरी अट ३०० किमीच्या मोफत मर्यादेची. तीन दिवसांचे ९०० किमी झाले की पहिल्या प्लॅनमध्ये पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १२ लागतात, शिवाय पेट्रोलचे ७ आहेतच. म्हणजे किलोमीटरला १९. दुसऱ्यात १६ च. नऊशे किमीला पहिला प्लॅन ९०० ने स्वस्त असतो, पण पुढे दर किलोमीटरला ३ ने तो फायदा झिजतो आणि १,२०० किमीला संपतो. थोडक्यात, ८०० ते १,२०० या पट्ट्यात दिवसाचं भाडं परवडतं, त्यापुढे पुन्हा किलोमीटरचा प्लॅन. ही मर्यादा रोज ३०० ऐवजी २०० असती, तर मोफत किलोमीटर ६०० लाच संपले असते आणि हा पट्टा आलाच नसता. म्हणून कोटेशन घेताना भाड्याआधी तीन गोष्टी विचारा: मोफत किलोमीटर रोजचे मोजतात की सगळ्या दिवसांचे मिळून, पुढचा दर किती, आणि किमान किलोमीटर किती. रोजचे वेगळे मोजत असतील तर पहिल्या दिवशी ४०० आणि दुसऱ्या दिवशी १०० किमी चालवूनही तुम्हाला १०० किमीचा जादा दर लागेल, सरासरी २५० असली तरी.

तुमचं अंतर ६२० किमी नकाशावर बघून काढलेलं असावं. मुक्कामी पोचल्यावर जेवायला जाणं, एखादा रस्ता चुकणं, जवळपासची दोन ठिकाणं बघणं यात रोज ४५-५० किमी सहज जातात. तीन दिवसांत १४० धरा. ७६० किमीला पहिला प्लॅन १२,५२० आणि दुसरा १२,१६०. फरक उरला ३६०. एवढ्यासाठी प्लॅन निवडायचा नसतो. इथून पुढे बाकीच्या अटी ठरवतात.

वेळेची अट आधी, कारण ती लवकर आटोपते. बहुतेक ठिकाणी दिवस म्हणजे २४ तास, कॅलेंडरचा दिवस नव्हे. सकाळी आठला घेतलेली गाडी चौथ्या दिवशी सकाळी आठला परत द्यायची. उशीर झाला तर काही जण तासाचा दर लावतात, काही पूर्ण दिवस धरतात. किलोमीटरच्या प्लॅनमध्ये चौथा दिवस धरला गेला तर किमान किलोमीटर ८०० होतात आणि ६२० किमी चालवूनही १२,८०० द्यावे लागतात. एका तासाच्या उशिराला २,८८०. परतीच्या वाटेवर ट्रॅफिक लागण्याची शक्यता असेल तर किती मिनिटांची सवलत आहे ते लेखी घ्या.

पेट्रोल कुणाचं, याचा खरा अर्थ

‘पेट्रोल त्यांचं’ हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण भरायचं तुम्हालाच असतं. एक पद्धत अशी की गाडीत कंपनीचं फ्युएल कार्ड असतं. दुसरी अशी की तुम्ही पैसे भरता, बिल जपता आणि शेवटी ती रक्कम वळती होते. दुसऱ्या पद्धतीत विचारायचा प्रश्न एकच: परतावा बिलाप्रमाणे की ठरलेल्या ॲव्हरेजप्रमाणे?

हा फरक आकड्यात बघा. कंपनीने लिटरला १५ किमी असं ॲव्हरेज बांधून दिलंय आणि तुमचा रस्ता घाटाचा आहे. भरलेल्या गाडीने एसी लावून १२ चं ॲव्हरेज दिलं, तर ७६० किमीला ६३.३ लिटर लागतील. परतावा मिळेल ५०.७ लिटरचा. उरलेले १२.६ लिटर, म्हणजे सुमारे १,३३०, तुमच्या खिशातून. किलोमीटरच्या प्लॅनचा मोठा फायदा हा की ॲव्हरेज कमी मिळालं तर ते नुकसान मालकाचं. परताव्यावर अशी मर्यादा असेल तर तो फायदा बराचसा गेला. मर्यादा नसेल, तर घाटात आणि ट्रॅफिकमध्ये हा प्लॅन तुम्ही काढलेल्या हिशेबापेक्षाही स्वस्त पडतो, कारण पहिल्या प्लॅनमध्ये तेच १२ चं ॲव्हरेज तुमचा पेट्रोलखर्च ६,६५० वर नेतं आणि एकूण रक्कम १३,८५० होते.

दिवसाच्या भाड्याच्या प्लॅनमध्ये ‘फुल घ्या, फुल द्या’ ही अट असेल तर निश्चिंत घ्या, ती सगळ्यात स्वच्छ आहे. ‘जेवढं होतं तेवढं द्या’ ही अट वादाची, कारण काटा अंदाजे दाखवतो. चाळीस लिटरच्या टाकीवर आठ दांड्या असतील तर एक दांडी म्हणजे साधारण पाच लिटर, म्हणजे ५२५. काटा दोन दांड्यांच्या सीमेवर असेल तर गाडी उतारावर उभी की सपाटीवर, एवढ्यानेही एक दांडी इकडची तिकडे होते. त्यामुळे ही अट असेल तर घेताना आणि देताना गाडी सपाट जागी लावा, इग्निशन चालू करून काटा स्थिर होऊ द्या आणि काटा व ओडोमीटर एकाच फोटोत येतील असा फोटो काढा.

तिसरी पद्धत म्हणजे भरलेल्या टाकीचे पैसे आधीच घेणं आणि गाडी रिकामी परत मागणं. उरलेल्या पेट्रोलचे पैसे परत मिळत नाहीत. कुणीही टाकी अगदी कोरडी करून गाडी परत देऊ शकत नाही, सात-आठ लिटर राहतातच. ते ८०० च्या आसपास भाड्यात मिळवूनच तुलना करा.

फुल टाकी परत देताना शेवटचा पंप गाडी परत द्यायच्या जागेच्या जितका जवळ तितका बरा. टाकी भरल्यावर काटा बराच वेळ ‘फुल’वरच राहतो, त्यामुळे पन्नास किमी आधी भरलं तरी काटा हलत नाही. पण कंपनी पुन्हा टाकी भरून बघणारी असेल तर तीन-चार लिटर कमी निघतात आणि त्यावर त्यांचा भरणावळीचा आकारही लागतो. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. बिलावर वेळ आणि लिटर दिसले पाहिजेत.

इंधनाचा प्रकार टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो, त्याचा फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवा. डिझेल गाडीत पेट्रोल भरणं किंवा उलट, हे जवळजवळ कुठल्याच डॅमेज कव्हरमध्ये बसत नाही. चूक पंपावरच लक्षात आली तर चावी फिरवूही नका. गाडी ढकलून बाजूला घ्या. इंजिन चालू झालं नसेल तर बहुधा टाकी उपसून काम भागतं. चालू झालं की चुकीचं इंधन पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातं आणि बिल कुठच्या कुठे जातं.

डिपॉझिट कमी म्हणजे जोखीम कमी, असं नाही

डिपॉझिट म्हणजे कंपनीच्या हातात आधीच असलेले पैसे. तुमची जबाबदारी कुठवर, हा वेगळा आकडा असतो आणि तो करारात खोल कुठेतरी लिहिलेला सापडतो. ३,००० डिपॉझिट घेणारा मालक १५,००० पर्यंतचं नुकसान तुमच्याकडून वसूल करू शकतो, आणि १०,००० घेणाऱ्याकडे तुमची कमाल जबाबदारी ५,००० असू शकते. तुमच्या दोन प्लॅनचे हे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, ते आधी मागवा. ते असे निघाले, तर ३६० वाचवण्यासाठी तुम्ही १०,००० ची जादा जोखीम घेताय. अशा वेळी मी दिवसाचं भाडं निवडायला सांगेन.

डिपॉझिट कसं घेतात तेही बघा. क्रेडिट कार्डावर रक्कम ब्लॉक केली तर ती कापली जात नाही, फक्त तुमच्या मर्यादेतली तेवढी जागा अडते आणि नंतर सुटते. डेबिट कार्ड किंवा थेट ट्रान्सफर असेल तर पैसे खरोखर खात्यातून जातात आणि परतावा वेगळा व्यवहार म्हणून येतो. त्याला किती दिवस लागतील हे लेखी असू द्या. टोल आणि वाहतुकीचे दंड उशिरा येतात, म्हणून काही मालक थोडी रक्कम रोखून ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण किती रक्कम आणि किती दिवस, हे ठरलेलं हवं. दंड मागताना मूळ पावती दाखवली जाईल का आणि त्यावर वेगळा हाताळणी आकार आहे का, तेही विचारा.

डॅमेजची अट ओळीओळीने

कमाल जबाबदारी ५,००० असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा चार बाजूंनी फुगू शकतो.

पहिली बाजू, तो आकडा पूर्ण भाड्यासाठी आहे की प्रत्येक घटनेसाठी. पुढच्या बंपरला ओरखडा आणि मागच्या दाराला डेंट या दोन घटना धरल्या तर ५,००० चे १०,००० होतात.

दुसरी, कव्हरमधून वगळलेले भाग. टायर, रिम, काचा, आरसे, गाडीचा खालचा भाग, आतली सीट आणि चावी हे बऱ्याचदा बाहेर असतात. गंमत नाही, पण भाड्याच्या गाडीला सगळ्यात जास्त इजा नेमकी इथेच होते: खड्ड्यात टायरची कड फाटते, दगडाने काचेला तडा जातो, उंच स्पीडब्रेकरला तळ घासतो. जादा पैसे देऊन घेतलेलं कव्हरही बहुधा फक्त पत्र्याची जबाबदारी कमी करतं. त्यामुळे कव्हर घ्यायच्या आधी वगळलेल्या भागांची यादी वाचा. तुमचा रस्ता कच्चा असेल आणि टायर व तळ यादीत असतील तर ते कव्हर तुमच्या फारसं कामाचं नाही.

तिसरी, गाडी गॅरेजमध्ये उभी राहिल्याचं नुकसान. दुरुस्तीला चार दिवस लागले तर २,४०० च्या हिशेबाने ९,६०० होतात, म्हणजे कमाल जबाबदारीच्या ५,००० पेक्षाही जास्त. ही अट कमाल जबाबदारीच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न शब्दशः विचारा. बाहेर असेल तर दिवसांना मर्यादा मागा.

चौथी, कव्हर पूर्ण रद्द होण्याची कारणं. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं, अपघात वेळेत न कळवणं, मालकाला न विचारता परस्पर दुरुस्ती करणं. शिवाय क्लच. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट जळते, वास येतो, आणि आरपीएम वाढूनही गाडी ओढत नाही. मालक याला झीज न म्हणता चुकीचा वापर म्हणतो. उलट, गाडी हातात आली तेव्हाच क्लच घसरत असेल तर ते पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये कळतं: चौथ्या गिअरमध्ये थोडा जोरात ॲक्सिलरेटर द्या, इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर लगेच परत फिरा आणि लेखी कळवा.

गाडी ताब्यात घेताना

वादात तुमच्या बाजूने बोलणारी वस्तू एकच, वेळ दिसणारा न तोडलेला व्हिडिओ. नंबरप्लेटपासून सुरू करा आणि गाडीभोवती एक पूर्ण फेरी घ्या. घाई करू नका, तीन-चार मिनिटं लागतात. सगळ्यात जास्त विसरले जातात ते भाग म्हणजे बंपरची खालची कड, चारही रिम, दारांच्या कडा, टप आणि पुढच्या काचेची वायपरखालची पट्टी. बंपरच्या खाली मोबाइल उलटा धरून शूट करा, तिथले ओरखडे उभ्याने दिसत नाहीत.

गाडी नुकतीच धुतलेली आणि ओली असेल तर बारीक ओरखडे पाण्याखाली लपतात. फडक्याने पुसून घ्या किंवा वाळेपर्यंत थांबा. रात्री घेत असाल तर टॉर्च समोरून न मारता पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात डेंटची सावली पडते, सरळ उजेडात तो दिसतच नाही.

मग आत बसून ओडोमीटर, इंधनाचा काटा आणि इंजिन चालू केल्यावर डॅशबोर्डवर पेटून राहिलेले दिवे. डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का, स्टेपनीत हवा आहे का. किलोमीटरच्या प्लॅनमध्ये बिल ओडोमीटरवर होणार की गाडीतल्या जीपीएसवर, हेही आत्ताच विचारा. दोघांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. किलोमीटर गॅरेजमधून निघाल्यापासून मोजत असतील तर गाडी घरपोच आणून देणं आणि परत नेणं हे अंतरही तुमच्याच खात्यात जाईल. ते अंतर एका बाजूला २० किमी असेल तर १६ च्या दराने ६४० होतात, म्हणजे वरचा ३६० चा फायदा तिथेच गेला.

जे काही दिसलं ते चेकलिस्टवर लिहून घ्या आणि देणाऱ्याची सही घ्या. ॲपवरून गाडी घेत असाल तर दार उघडायच्या आधी किंवा ठरलेल्या मिनिटांच्या आत फोटो चढवावे लागतात. ‘छोटासा आहे, त्याचं काही नाही’ असं तोंडी सांगितलं तरी लिहून घ्याच, कारण परत घेणारा माणूस दुसरा असू शकतो.

परत देताना हाच व्हिडिओ पुन्हा, जागेवर गाडी लावल्यानंतर. तिथे माणूस नसेल आणि चावी पेटीत टाकायची असेल, तर कंपनी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमची आहे का ते करारात बघा. तसं असेल तर कार्यालय उघडं असेल तीच वेळ निवडा. माणूस असेल तर त्याच्यासमोर तपासणी पूर्ण करून ‘नवीन डॅमेज नाही’, शेवटचं रीडिंग आणि इंधनाची पातळी असं लिहिलेली क्लोजिंग पावती किंवा मेसेज घ्या. नवीन ओरखडा निघालाच तर जागेवर रोख देऊन मिटवू नका. गॅरेजचं अंदाजपत्रक आणि नंतर प्रत्यक्ष बिल मागा, आणि डिपॉझिटमधून कापलेली रक्कम त्या बिलाशी ताडून बघा.